चाव्या कोणी घेतल्या

मुकुंदराव भाषांतर शाखेत आले तेव्हा त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षं उर्दूतच सरून गेली होती. हैदराबादेत शालीबंड्यातलं त्यांचं घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. आजोबा फारसी लिहीत, वडील उर्दू लिहीत, आणि मराठी ही घरात जेवताना, भांडताना आणि देवापुढं बोलायची भाषा होती. तीही शुद्ध नव्हेच. "उगीच परेशान होऊ नका," असं त्यांची आई गणपतीच्या आरतीला उशीर झाला तरी म्हणे.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी राज्य गेलं आणि कचेऱ्यांची भाषा बदलायला लागली. कालपर्यंत ज्यांना अव्वल तालुकदार म्हणत त्यांना कलेक्टर म्हणू लागले. मुंबई इलाख्यातून, नागपुराकडून नवे अधिकारी आले. त्यांना उर्दू अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि जिल्ह्यांतून येणारे कागद तर अजून उर्दूतच येत होते. मग सैफाबादेतल्या एका कचेरीत, मागच्या अंगाला, दोन खोल्यांत मराठी भाषांतराची शाखा उघडली आणि तिथं मुकुंदरावांना बसवलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं आपल्याच मातृभाषेचं व्याकरण रात्री कंदिलाशी बसून शिकावं, तसं ते शिकले. वर्तमानपत्रं वाचली, वाचनालयातले जुने अहवाल चाळले, आणि "करण्यात येत आहे", "असे आढळून आले", "कळविण्यात यावे" ही वाक्यं त्यांच्या बोटांत बसली. उर्दूतल्या "किया जाता है"ला ती बरोबर जुळत, त्यामुळे काम सोपं झालं. पण थकवा मात्र जाईना. सकाळी मिसलींचा, कचेरीच्या फायलींचा, गठ्ठा टेबलावर यायचा, संध्याकाळी तो संपायचा, दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा यायचा. डोळ्यांतून पाणी गळे. चष्मा पुसून पुसून धोतराचा सोगा मळलेला असे.

शाखेचे प्रमुख एकनाथराव नागपूरकडचे. वयानं मुकुंदरावांपेक्षा लहान, स्वभावानं वाईट नव्हते. मराठी त्यांची अगदी घासूनपुसून घेतलेली. त्यांचा एक नेम होता: सरकारी कागदात "अमक्यानं केलं" असं लिहायचं नाही.

"मुकुंदराव, कागदात माणसं बोलत नाहीत, शासन बोलतं," ते म्हणत. "तहसीलदारांनी केले, पटवाऱ्यांनी केले, असं लिहिलं की चावडीवरचं भांडण वाटतं. 'करण्यात आले' लिहा. वजन येतं."

मुकुंदराव मान हलवत. वाद घालायला अंगात जोर लागतो, तो त्यांच्यात उरला नव्हता.

त्या वर्षीच्या थंडीत एक दिवस दुपारी एक माणूस शाखेच्या दाराशी येऊन उभा राहिला. अंगानं थोराड, डोक्याला मळका पटका, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. मराठवाड्यातल्या एका तालुक्यातून काचीगुडा स्टेशनला उतरून तो विचारत विचारत चालत आला होता. त्यानं नाव सांगितलं, हणमंतराव. तालुक्याच्या गावी लेव्हीच्या, शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेल्या धान्याचं सरकारी गोदाम होतं, त्याचा तो कारकून. होता, असंच म्हणायला हवं, कारण त्याला कामावरून दूर केलं होतं.

"बसा," मुकुंदराव म्हणाले. "कामावरून का काढलं?"

"ज्वारी कुजली म्हनून. पावसाळ्यात गोदाम बंद होतं, वरून गळत होतं, आतला माल सगळा काळा झाला. चौकशी झाली. मला वाटलं, आता खरं ते लिहितील. तर कलेक्टर सायबांनी मलाच काढलं." त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "त्यांच्या पेशीतला कारकून म्हनला, सायबाला उर्दू येत नाही, त्यांनी हे मराठी वाचून हुकूम दिला, आन् हे मराठी हैदराबादेत झालंय. म्हनून आलो. मला एवढंच सांगा साहेब, ह्यात लिहिलंय काय?"

मुकुंदरावांनी कागद घेतला. चौकशीच्या अहवालाची ती नक्कल होती आणि भाषांतर त्यांचंच होतं. वाक्यं ओळखीची होती, पण करताना ती नीट वाचली होती असं त्यांना वाटेना.

"तुम्हीच वाचा मोठ्यानं," ते म्हणाले. त्यांचे डोळे चुरचुरत होते.

हणमंतराव शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून वाचू लागला. "पावसाळ्याच्या सुरुवातीस तोंडी हुकूम देण्यात आला. त्याप्रमाणे तहसीलदारांकडून गोदामाच्या चाव्या घेण्यात आल्या व गोदाम बंद ठेवण्यात आले. गोदाम उघडण्याविषयी अर्ज करण्यात आले. तथापि गोदाम उघडण्यात आले नाही. परिणामी ज्वारी कुजली."

मुकुंदरावांनी मान वर केली.

"पुन्हा वाचा. चाव्यांचं."

"तहसीलदारांकडून गोदामाच्या चाव्या घेण्यात आल्या."

तहसीलदारांनी चाव्या काढून घेतल्या, असं त्यांना लिहायचं होतं. पण कानाला दुसरंच लागत होतं. दुकानदाराकडून गूळ घेतला, मामाकडून पैसे घेतले, तसं तहसीलदारांकडून चाव्या घेतल्या. म्हणजे तहसीलदारांनी त्या दिल्या आणि दुसऱ्या कुणीतरी घेतल्या. आणि घेणारा कोण असणार? गोदामाचा कारकून. पुढचं सगळं मग त्याच्याच माथ्यावर येत होतं. बंद कुणी ठेवलं? त्यानं. उघडलं कुणी नाही? त्यानंच.

"कलेक्टरांनी हुकमात काय लिहिलंय?"

हणमंतरावानं दुसरा कागद काढला. तिथं नवे साहेब जरासुद्धा आडपडदा न ठेवता लिहीत होते: गोदाम कारकून यांनी तहसीलदारांकडून चाव्या घेऊन गोदाम बंद ठेवल्यामुळे सरकारी धान्याचे नुकसान झाले.

"चाव्या माझ्याकडं होत्या कवा?" हणमंतराव म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता शिणलेपणा होता. "तहसीलदार सायब दौऱ्यावर आले, म्हनले दिवस वाईट हैत, कुनी लुटून नेईल, चाव्या इकडं आन. दिल्या. मग ते रजेवर गेले. मी दोनदा अर्ज केला की उघडू द्या, माल उन्हात घालतो. कुनी जबाब दिला नाही."

"ह्या तहसीलदारांचं नाव काय?"

"आबासाहेब. आता हितंच हैदराबादेत आलेत म्हनं, मोठ्या कचेरीत."

आबासाहेब मुकुंदरावांना माहीत होते. त्यांच्या बायकोच्या, सुशीलाबाईंच्या चुलत बहिणीचे ते थोरले दीर. दसऱ्याला सोनं वाटायला एकमेकांच्या घरी जाणं होतं.

"दोन दिवस थांबा," ते हणमंतरावाला म्हणाले. "उतरलात कुठं?"

"तारनाक्याला, रेल्वेत मेव्हना आहे त्याच्या क्वार्टरात."

मूळ अहवाल मुहाफिजखान्यात, जुन्या कागदांच्या खोलीत, गेला होता. तिथल्या माणसाला चार वेळा विनवून मुकुंदरावांनी दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढवला. उर्दू वाचताना त्यांना गावच्या रस्त्यावरून चालल्यासारखं वाटलं, डोळे मिटूनसुद्धा चालता येईल इतकं ते ओळखीचं होतं. सगळा परिच्छेद तहसीलदारांच्या दौऱ्याचा होता. तहसीलदार साहब तशरीफ लाए, गोदामाची पाहणी केली, हुक्म दिया गया, आणि मग तहसीलदार साहब की जानिब से कुंजियाँ ले ली गईं. उर्दूतही "ले ली गईं"च होतं, घेण्यात आल्या. पण "जानिब से", म्हणजे तर्फे, म्हटल्यावर घेणारे तहसीलदारच, यात कुणाला शंका आली नसती. मुकुंदरावांनी दौऱ्याची दोन वाक्यं फाफटपसारा म्हणून गाळली होती आणि "जानिब से"ला "कडून" लावलं होतं. "कडून" देणाऱ्यालाही लागतं आणि करणाऱ्यालाही लागतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की ते लक्षातच आलं नाही.

घरी सुशीलाबाईंनी भाकरी वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं.

"ताईच्या सासरचे आहेत ते," त्या म्हणाल्या.

"हौ. माहीत आहे."

"तुम्ही मुद्दाम केलंत का?"

हाच प्रश्न ते स्वतःलाही दिवसभर विचारत होते. भाषांतर करताना आबासाहेबांचं नाव डोळ्यांखालून गेलं होतं हे खरं. कुठंतरी हात ढिला पडला असेल का?

"नाही," ते शेवटी म्हणाले. "थकलो होतो. गठ्ठा मोठा होता. पण त्या बिचाऱ्याला दोन्हींत काय फरक?"

सुशीलाबाईंनी आमटीची वाटी पुढं सरकवली आणि दसऱ्याला आता कुणाकडं जायचं नि कुणाकडं नाही, याचा विचार करत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मुकुंदराव एकनाथरावांपुढं शुद्धिपत्राचा मसुदा घेऊन उभे राहिले. त्यांनी लिहिलं होतं: तहसीलदारांनी गोदाम कारकुनाजवळच्या चाव्या घेतल्या व गोदाम बंद ठेवले.

एकनाथरावांनी ते वाचलं, मूळ वाक्य वाचलं, पुन्हा हे वाचलं. चूक त्यांच्या लगेच ध्यानात आली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे राम. हे तर उलटंच होतंय. माझीही सही आहे खाली." मग ते सावरले. "पण असं नाही लिहिता येणार. हे आरोपपत्र झालं. 'तहसीलदारांनी बंद ठेवले.' उद्या ते आपल्यालाच विचारतील. असं करा, 'तहसीलदारांमार्फत चाव्या घेण्यात आल्या' लिहा. कर्मणीही राहिलं आणि 'कडून'ही गेलं."

"मार्फत म्हटलं की तहसीलदार नुसते हात झाले," मुकुंदराव म्हणाले. "डोकं वरच्या कुणाचं तरी. मग वाचणारा विचारील, हुकूम कुणाचा? आणि मूळ कागदात हुकूम त्यांचाच आहे."

"मग 'तहसीलदारांच्या वेळी' म्हणा."

"वेळी तर मीसुद्धा होतो, साहेब. तुम्हीपण होतात."

एकनाथरावांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "मग काय करायचं? कर्तरी मी जाऊ देणार नाही. एक कागद सोडला की सगळे तसेच लिहायला लागतील."

"कर्तरी नको. कर्मणीच ठेवू. माणूस वाक्याचा कर्ता नसला तरी वाक्यात असला म्हणजे झालं."

मुकुंदराव तिथंच स्टुलावर बसले. टाक घेऊन त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एकनाथराव टेबलावरून वाकून बघत होते, मध्येच एखादा शब्द सुचवत होते. दोघांनाही घरी जायचं होतं. शेवटी जे उरलं ते असं होतं:

"दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारांच्या तोंडी हुकमावरून गोदाम कारकुनाजवळच्या चाव्या काढून घेण्यात आल्या व त्या तहसीलदारांच्या ताब्यात राहिल्या. या मुदतीत गोदाम बंद राहिले."

एकनाथरावांनी ते दोनदा वाचलं. "'घेण्यात आल्या' आहे. 'राहिल्या' आहे. कुणावर बोट नाही."

"बोट नाही," मुकुंदराव म्हणाले, "पण हुकूम कुणाचा, चाव्या होत्या कुणाजवळ आणि गेल्या कुणाजवळ, तिन्ही जागी नाव आहे. आता हे उलटं वाचायचं म्हटलं तरी वाचता येत नाही."

"आणि अर्जांचं? 'अर्ज करण्यात आले'. कुणी केले ते नाही."

"मूळ उर्दूतही नाही. 'दरख्वास्तें गुज़रानी गईं' एवढंच आहे. तो म्हणतो मी केले. मला खरंही वाटतं. पण मी भाषांतर करतो. चौकशी मी केली नाही. जे तिथं नाही ते मला घालता येणार नाही."

एकनाथरावांनी मान डोलावली. मग ते शुद्धिपत्रासोबत जायच्या टिपणाकडं वळले. चूक कशी झाली ते कलेक्टरांना कळवायला हवं होतं. त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, "लिहा. भाषांतरात अनवधानाने चूक झाल्याचे आढळून आले आहे."

मुकुंदरावांनी टाक उचलला नाही.

"काय झालं?"

"साहेब, आत्ताच आपण ज्यासाठी दोन तास घातले, तेच हे. चूक झाली. कुणाची? वाचणारा म्हणेल मूळ चौकशी अधिकाऱ्याची, किंवा नक्कल उतरवणाऱ्याची, किंवा तुमची."

"तुम्हाला नाव घालायचंय? तुमच्या बढतीचा कागद पुढच्या महिन्यात जायचाय, मुकुंदराव. नागपूरला असतो तर मी सांगितलं असतं, असला वेडेपणा करू नका. इथंही तेच सांगतो."

मुकुंदरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर हौदाजवळ शिपाई पाणी पीत होते. बढती त्यांना हवी होती. कमलचं, त्यांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. पण आता त्या कागदाला आणखी एक वाकडं वाक्य लावायचं आणि मग पुन्हा कुणीतरी काचीगुड्याहून चालत यायचं, हे त्यांना सोसवण्यासारखं नव्हतं.

"तुमच्या पद्धतीनंच लिहितो," ते म्हणाले आणि लिहिलं: "सदर अहवालाचे भाषांतर खाली सही करणाराकडून झालेले असून मूळ वाक्याचा अर्थ त्यात उलट झाला आहे. ही चूक त्याच्याकडून झालेली आहे." आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

एकनाथरावांनी तो कागद आपल्याकडं ओढला. मग त्यांनी आपला टाक घेतला, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, "भाषांतर तपासणी शाखाप्रमुखांकडून झाली होती, तपासणीत ही चूक त्यांच्याही लक्षात आली नाही." त्यांनीही नाव लिहिलं.

"'कडून' इथं बरोबर बसतं," ते म्हणाले. "आपल्याकडून चूक होते. आपण ती करत नाही."

हणमंतराव तारनाक्याहून आला तेव्हा मुकुंदरावांनी त्याला सगळं सांगितलं. अर्जांचं नाव घालता आलं नाही हेही सांगितलं. तो हिरमुसला.

"म्हंजे मी अर्ज केले हे कुठंच येनार नाही?"

"माझ्या कागदात नाही. तुम्ही स्वतः कलेक्टरांना लिहा. आणि एक करा. 'अर्ज करण्यात आले' असं लिहू नका. लोक सरकारी भाषा बघून तसं लिहितात. तुम्ही लिहा, अर्ज मी केले, अमुक तारखेला केले, तहसील कचेरीत अमक्याच्या हातात दिले. तुम्ही सरकार नाही. तुम्हाला 'मी' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही."

हणमंतरावानं तिथंच बसून लिहिलं. अक्षर मोठं, ओळी वाकड्या. "मी" लिहिताना तो दर वेळी जरा थांबत होता, जणू भर कचेरीत आपलंच नाव मोठ्यानं घेतोय. मुकुंदरावांनी वाचून परत दिलं. एक शब्दही त्यांनी बदलला नाही.

उन्हाळा लागता लागता निकाल लागला. कलेक्टरांनी हणमंतरावाला कामावर परत घेतलं, पण त्या गोदामावर नाही. दुसऱ्या तालुक्याला, घरापासून लांब बदली केली. आबासाहेबांबाबतच्या कागदात एकच ओळ आली, "संबंधितांना समज देण्यात आली." संबंधित कोण, समज कुणी दिली, काही नव्हतं. तो कागदही भाषांतराला मुकुंदरावांकडंच आला, या वेळी मराठीतून इंग्रजीत. जसं होतं तसं त्यांनी केलं. मूळ कागदातच नाव नव्हतं, ते कुठून आणणार?

बढतीचा कागद गेला, पण त्यांचं नाव यादीतून वगळलेलं होतं. कारण दिलेलं नव्हतं. सुशीलाबाईंनी चार दिवस अबोला धरला. ताईकडचं जाणंयेणं बंद झालं. आबासाहेब एकदा सुलतानबाजारात समोरून आले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि दोघंही आपापल्या वाटेनं गेले. मुकुंदरावांना त्यांच्याबद्दल राग वाटला नाही. लुटालुटीच्या दिवसांत माणूस भ्यायला असेल, चाव्या खिशात ठेवून रजेवर गेला असेल, विसरला असेल. फक्त विसरणारा कोण, एवढं लिहिलेलं असायला हवं होतं.

कमलचं लग्न झालं, जरा उशिरा झालं. पुढं राज्यच फुटलं. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि भाषांतर शाखेतल्या खुर्च्या, कपाटं, माणसं वाटली गेली. एकनाथराव मुंबईला गेले. मुकुंदरावांना तिकडं जायचं का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. हे शहर सोडून आता कुठं नवा रस्ता शिकायचा? ते इथंच राहिले आणि वर्षभरात निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर काही दिवस ते घरीच बसून असत. मग शेजारच्या मराठी शाळेतल्या एका मास्तरांनी त्यांना मॅट्रिकच्या मुलांचे निबंध तपासायला विनवलं. मुलं उर्दू, तेलुगू आणि मराठी यांची खिचडी करून लिहीत. मुकुंदराव ती बहुधा तशीच सोडून देत. पण "खिडकीची काच फोडण्यात आली" असं कुणी लिहिलं की ते वही खाली ठेवत, डोळे पुसत आणि त्या मुलाला हाक मारून विचारत, "कुणी फोडली, बाळ? तू पाहिलंस का?"

मुलगा म्हणे, "पाहिलं नाही, सर."

"मग तसंच राहू दे. पाहिलं असतंस तर नाव लिहावं लागलं असतं."

असं म्हणून ते पुढची वही उघडत.